यावे आणि येईल

भिंतीवरच्या त्या कागदावर जून महिन्याच्या रकान्यात एकच शब्द होता : मुद्रितशोधक. त्याला क्रियापद नव्हते. पुढे जो गोंधळ झाला आणि ज्यात आमचा शब्द काही माणसांपुढे खोटा ठरला, त्याचे मूळ या नसलेल्या क्रियापदात होते, हे समजायला आम्हां दोघांना पाच महिने लागले. वर्गात विध्यर्थ आणि भविष्यकाळ यांतला भेद वर्षानुवर्षे समजावून सांगणाऱ्या माणसांनी हे कबूल करणे जरा अवघडच आहे. पण घडले ते असे.

२०२२ च्या पावसाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. विज्ञान शाखेचा, पण बारावीला हौसेने मराठी घेतलेला. त्याने आणि त्याच्या एका मित्राने मिळून पुण्यात एक लहानशी कंपनी काढली होती. संगणकावर मराठी मजकुराचे शुद्धलेखन तपासणारे साधन त्यांना करायचे होते. दोघे संस्थापक, तीन प्रोग्रामर, एक तपासणी करणारी मुलगी, अशी सहा माणसे. भाषेचे जाणकार म्हणून आम्ही आठवड्यातून दोन दुपारी जावे, असे ठरले. आमच्यापैकी एक भाषाविज्ञान शिकवितो, दुसरी मध्ययुगीन वाङ्मय. तेव्हा सामान्यरूपे, जोडाक्षरे, तत्सम-तद्भव हा सगळा संसार आमच्या वाट्याला आला. ‘कापूस’चे ‘कापसाचा’ होताना ‘पू’ कुठे जातो आणि ‘बहीण’चे ‘बहिणीला’ होताना ‘ही’ ऱ्हस्व का होते, हे यंत्राला कळेल अशा रीतीने लिहून द्यायचे, हे आमचे काम. ते आनंदाचे होते आणि आहे.

ऑक्टोबरात एके दिवशी भिंतीवर तो कागद लागला. चार रकाने : डिसेंबर, मार्च, जून, सप्टेंबर. त्यांखाली अनुक्रमे कार्यालयीन पत्रव्यवहार, शिक्षक, मुद्रितशोधक, विद्यार्थी. वर इंग्रजीत शीर्षक होते, त्याला सगळे ‘रोडमॅप’ म्हणत. शब्द आम्हांला आवडला. रस्त्याचा नकाशा म्हटले की रस्ता आधीच आहे असे वाटते. आपण फक्त चालायचे. ही कल्पना किती फसवी आहे ते तेव्हा लक्षात आले नाही.

नोव्हेंबरात काही मुद्रितशोधक आणि दोन-तीन छोटे प्रकाशक यांच्यापुढे आम्ही या साधनाविषयी बोललो. कागदावरच्या त्या रकान्याचे मराठी वाक्य करण्याची पाळी आमच्यावर आली आणि आम्ही बोलून गेलो : “जूनपर्यंत हे साधन तुमच्या हाती येईल.” त्याच महिन्यात चौथ्या रकान्याच्या भरवशावर आम्ही आमच्या चार एम. ए.च्या विद्यार्थ्यांना कामाला लावले. शब्दांना उदाहरणवाक्ये जोडायची, वापराच्या खुणा करायच्या. महिन्याला ठरावीक मानधन. काम पुढच्या सप्टेंबरापर्यंत. मानधन कंपनी देणार होती, पण सप्टेंबरचा शब्द आमचा होता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एका ज्येष्ठ मुद्रितशोधकांचा फोन आला. पस्तीस वर्षे मुद्रिते तपासून त्यांचे डोळे थकले आहेत. त्यांनी चारशे पानांचा एक ग्रंथ जूनमध्ये तपासून देण्याचे कबूल केले होते; एरवी घेतले नसते, पण “तुमचे ते यंत्र येणारच आहे म्हणालात, म्हणून घेतले.” दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यालयात विचारले, जूनचे काम कितपत आले आहे? तिघे प्रोग्रामर एकमेकांकडे पाहू लागले. कुणीही टाळाटाळ करीत नव्हते. प्रश्नच त्यांना नवा होता. त्यांच्या फळ्यावर दर दोन आठवड्यांचे काम व्यवस्थित मांडलेले होते आणि जवळजवळ प्रत्येक चिठ्ठी ‘झाले’ या रकान्यात पोहोचलेली होती. पण त्या चिठ्ठ्यांतल्या किती जूनच्या वाटेवरच्या होत्या, हे कुणालाच सांगता येईना.

आमचा विद्यार्थी म्हणाला, “सर, तो रोडमॅप होता. ते वचन नव्हतं.”

“मग वचन कोणत्या कागदावर आहे?”

त्यावर तो गप्प झाला. तो कागदच नव्हता.

तीन दिवस आम्ही रागात होतो. नंतर, राग आला की पुस्तके काढून बसायचे या शिक्षकी सवयीप्रमाणे, वाचायला बसलो. हे लोक ज्या पद्धतीने काम करतात तिला ‘स्क्रम’ म्हणतात; तिचे नियम केन श्वेबर आणि जेफ सदरलँड या दोघांनी एका छोट्या पुस्तिकेत लिहून ठेवले आहेत. २०१० साली ती प्रथम निघाली आणि २०२० पर्यंत तिच्या अनेक सुधारित आवृत्त्या झाल्या. जास्तीत जास्त एक महिन्याचा, बहुधा दोन आठवड्यांचा, कामाचा एक ठराविक टप्पा म्हणजे स्प्रिंट. त्याच्या आरंभी काय करायचे ते ठरवायचे, शेवटी काय झाले ते दाखवायचे. भाषेच्या माणसांना या पुस्तिकेच्या पाठभेदांत रस वाटावा असे एक स्थळ आहे. स्प्रिंटमध्ये घेतलेल्या कामांच्या यादीला आधी ‘वचन’ अशा अर्थाचा शब्द होता. २०११ च्या आवृत्तीत तो काढून ‘अंदाज’ अशा अर्थाचा शब्द घातला गेला. २०२० मध्ये वचन हा शब्द परत आला, पण यादीला नव्हे. तो उद्दिष्टाला आणि ‘पूर्ण झाले’ कशाला म्हणायचे या व्याख्येला जोडला गेला. म्हणजे दोन आठवड्यांच्या कामाचीही यादी हे वचन नव्हे, असे त्या पद्धतीचे कर्तेच म्हणत होते. आणि आम्ही आठ महिन्यांनंतरच्या एका शब्दाचे वचन करून बसलो होतो.

त्याच २०११ च्या आवृत्तीत आणखी एक गोष्ट घडली. प्रकाशनाचे नियोजन, ज्याला हे लोक ‘रिलीज प्लॅन’ म्हणतात, ते पद्धतीच्या बंधनकारक भागातून वगळले गेले. करू नका असे कुणी म्हटले नाही. ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे करावे, एवढाच त्याचा अर्थ. पण छोट्या कंपन्यांत याचा परिणाम काय होतो ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. वरचा कागद राहतो, कारण पैसे घालणाऱ्यांना तो दाखवावा लागतो. खालचा फळा राहतो, कारण त्याच्यावाचून सोमवारी सकाळी काय करायचे ते कळत नाही. मधला कागद मात्र, ‘आपण सहाच तर माणसे आहोत, एका खोलीत बसतो, तोंडी सांगू,’ असे म्हणत कुणी करीत नाही. आणि बाहेरच्या माणसांचे आयुष्य अडकलेले असते ते नेमके त्या मधल्या कागदावर.

या तिन्ही गोष्टी म्हणजे एकाच नकाशाची लहान-मोठी प्रमाणे आहेत असा आमचा समज होता : रोडमॅप म्हणजे भारताचा नकाशा, रिलीज प्लॅन म्हणजे महाराष्ट्राचा, स्प्रिंट प्लॅन म्हणजे पुण्याचा. तो समज चुकीचा ठरला. तिन्ही कागदांचे क्रियापद वेगळे असते. रोडमॅपचे वाक्य विध्यर्थी असते : मुद्रितशोधकांना हे वापरता यावे. कोणाची कोणती अडचण आधी सोडवावी, कोणती मागून, आणि तसे का, एवढेच त्याने सांगायचे. ते वाक्य संस्थापक स्वतःशी आणि पैसे देणाऱ्यांशी बोलतात. रिलीज प्लॅनचे वाक्य भविष्यकाळी असते : अमुक तारखेला तमुक माणसाच्या हाती एवढे येईल. ते बाहेरच्या माणसाशी बोललेले वाक्य आहे आणि म्हणून मोजून बोलावे लागते. स्प्रिंट प्लॅनचे वाक्य अपूर्ण वर्तमानकाळी : आम्ही हे करीत आहोत. ते काम करणारी माणसे आपापसांत बोलतात. आम्ही ‘यावे’चे ‘येईल’ केले. एका प्रत्ययाचा फरक; पण ‘येईल’ म्हणण्यासाठी जे मोजमाप लागते ते कुणीही केलेले नव्हते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते मोजमाप करायला सगळे एका टेबलाभोवती बसलो. ती दुपार आमच्या चांगली लक्षात आहे, कारण ‘मुद्रितशोधक’ या एका शब्दाच्या पोटात किती गोष्टी दडल्या होत्या ते त्या दिवशी दिसले. मुद्रितशोधकाला उपयोगी पडायचे तर साधनाने काय काय करायला हवे, त्याची यादी आम्ही केली. प्रत्येक बाब वापरणाऱ्याच्या बाजूने लिहायची. तिला ते ‘स्टोरी’ म्हणतात. सामान्यरूप झालेल्या नामांना यंत्राने चूक म्हणू नये. ग्रंथातली विशेषनामे एकदा सांगितली की लक्षात ठेवावीत. दुरुस्ती सुचविताना तिच्यामागचा नियम दाखवावा. पन्नास पानांचे प्रकरण एका वेळी तपासता यावे. लांबलचक संस्कृत समास फोडून ओळखावेत. पद्याला गद्याचे नियम लावू नयेत. अशा चौदा बाबी निघाल्या.

मग प्रत्येकीला आकडा द्यायचा. हे आकडे तासांचे नसतात. एकमेकींच्या तुलनेत काम केवढे आहे याचे असतात. नियम दाखविण्याच्या बाबीला तीन दिले, तर सामान्यरूपांना तेरा, कारण त्यांत अपवादांचे रान आहे. प्रत्येकाने आपला आकडा कागदावर लिहून एकदम उलटा करायचा, म्हणजे मोठ्या माणसाचे पाहून लहानाने लिहिले असे होत नाही. समासांच्या बाबीला दोघांनी पाच दिले होते आणि एकाने वीस. ज्याने वीस दिले त्याला कारण विचारले, तेव्हा कळले की त्याने आमचीच नमुना-पाने वाचली होती आणि बाकीच्या दोघांनी नव्हती. शेवटी वीसच ठेवले. सगळी बेरीज शहाण्णव झाली.

आता मागच्या चार स्प्रिंटांत असे किती गुण खरोखर पुरे झाले होते? फळ्यावरच्या जुन्या नोंदी काढल्या : १३, १९, ११, १७. सरासरी १५. जूनच्या आत, म्हणजे ६ मार्चपासून २६ मेपर्यंत, दोन-दोन आठवड्यांचे सहा स्प्रिंट बसत होते. त्यांतला शेवटचा नव्या कामाला द्यायचा नाही. तो तपासणी, दुरुस्त्या आणि वापरणाऱ्यांना शिकविणे यासाठी राखायचा. उरले पाच. सरासरीने चाललो तर पाच पंधरे पंचाहत्तर. सर्वांत वाईट दोन स्प्रिंटांची सरासरी १२ धरली तर साठ. सर्वांत चांगल्या दोहोंची १८ धरली तरी नव्वद. शहाण्णव कोणत्याही हिशेबाने होत नव्हते.

हा हिशेब प्राथमिक शाळेतला आहे. तो ऑक्टोबरात करता आला नसता, कारण तेव्हा ना यादी होती ना मागच्या कामाचे आकडे. पण नोव्हेंबरात आम्ही बोलायला उभे राहिलो तेव्हा निदान ‘हिशेब अजून झालेला नाही’ एवढे तरी ठाऊक असायला हवे होते.

यादी महत्त्वाच्या क्रमाने लावली आणि तीत दोन रेघा मारल्या. पहिली साठ गुणांपाशी : तिच्या वरचे जूनला येईलच. दुसरी नव्वदपाशी : दोन रेघांच्या मधले आले तर येईल. दुसऱ्या रेघेखालचे येणार नाही. समास आणि पद्य दोन्ही खाली गेली. आमच्यातल्या मध्ययुगीन वाङ्मयवालीने पद्यासाठी बराच आग्रह धरला; पण त्या ज्येष्ठ मुद्रितशोधकांना फोन करून विचारले तेव्हा ते म्हणाले, “अहो, पद्य मी डोळ्यांनीच पाहणार. मला त्या ‘ला’ आणि ‘चा’च्या लाल रेघांतून सोडवा.” आग्रह तिथे संपला.

दुसऱ्या संस्थापकाने एक उपाय सुचविला : आणखी एक प्रोग्रामर घेऊ. फ्रेड ब्रुक्स नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९७५ साली लिहून ठेवले आहे की उशीर झालेल्या कामात माणसे वाढविली तर उशीर आणखी वाढतो. नव्याला शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो. तीन माणसांच्या चमूत तर एक माणूस शिकवायला बसला की तिसरा हिस्सा काम थांबते. उपाय मागे पडला. तारीख धरायची की यादी धरायची, यांतले एकच निवडता येते. आम्ही तारीख धरली, कारण ग्रंथ जूनमध्येच द्यायचा होता.

या जागी आम्हांला ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. १८७९ साली जेम्स मरे यांच्याशी करार झाला तेव्हा कोश दहा वर्षांत संपायचा होता. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि तो ‘अँट’ या शब्दापर्यंतच पोचला होता. कोश संपला १९२८ साली, मरे यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. तारीख आणि यादी दोन्ही करारात बांधली की हे होते. पण त्या माणसांनी एक शहाणपण केले : हातात आले तेवढे भागाभागाने छापून वर्गणीदारांना दिले.

गुणांच्या आकड्यांविषयी एक गोष्ट सांगून टाकावी, कारण ती शिक्षकांना लगेच पटेल. दुसऱ्या संस्थापकाने एप्रिलमध्ये सहज म्हटले, “पंधराचे अठरा का होत नाहीत?” पुढच्या स्प्रिंटमध्ये अठरा झाले. कामे तेवढीच होती. पूर्वी ज्याला पाच दिले असते त्याला आठ मिळू लागले होते. परीक्षेचा निकाल वाढवा म्हणून वरून सांगितले की गुण कसे वाढतात ते आम्हांला नव्याने शिकायचे नव्हते. आम्ही दोन जुन्या स्टोऱ्या शेजारी ठेवून दाखविल्या, तेव्हा तो हसला आणि विषय मिटला. त्या स्प्रिंटचा आकडा आम्ही पंधरा धरला.

स्प्रिंटचे नियोजन या सगळ्याहून निराळे, जवळजवळ घरगुती असते. उदाहरणार्थ २० ते ३१ मार्चचा स्प्रिंट. तिघे प्रोग्रामर, दहा कामाचे दिवस, म्हणजे कागदावर तीस माणूस-दिवस. त्यांत २२ तारखेला पाडवा आणि ३० ला रामनवमी : सहा दिवस गेले. एकाच्या बहिणीचे लग्न, दोन दिवस. बैठकांत प्रत्येकाचा मिळून एक दिवस, असे तीन. उरले एकोणीस. तीसच्या भरवशावर काम घेतले असते तर पहिल्याच दिवशी अकरा दिवसांचे कर्ज डोक्यावर. त्या स्प्रिंटचे उद्दिष्ट एका वाक्यात लिहिले : नेहमीच्या नामांची सामान्यरूपे यंत्राने बरोबर मानावीत. मग त्याचे तुकडे, कुणी कोणता घ्यायचा, कशाच्या आधी काय. शहाण्णव, साठ हे आकडे त्या खोलीत कुणी उच्चारले नाहीत आणि ते योग्यच होते.

३१ मार्चला उद्दिष्ट पुरे झाले. ‘कापसाचा’, ‘बहिणीला’, ‘पाण्यात’, ‘मुलाने’ : एकाही शब्दाखाली लाल रेघ नाही. तपासणाऱ्या मुलीने दोनशे शब्द टाइप करून पाहिले, सगळे बरोबर. चिठ्ठ्या ‘झाले’त गेल्या. रिलीज प्लॅन नसता तर गोष्ट इथे संपली असती आणि जूनमध्ये आमची फजिती झाली असती. पण त्या मधल्या कागदावर आम्ही एक ओळ घातली होती : तिसऱ्या स्प्रिंटच्या आरंभी ज्येष्ठांना त्यांच्याच ग्रंथाची वीस पाने देऊन पाहायचे. दिली. त्यांचा तासाभरात फोन. “‘दुसऱ्या’ चुकीचे कसे? ‘करणाऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘साऱ्यांना’, सगळे लाल!”

आम्ही धावत गेलो. पडद्यावर ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ शेजारी शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द असतात. हे अर्धे र दोन रीतींनी लिहिता येते : नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यांच्यामागे एक न दिसणारे जोडणारे चिन्ह घालून. आमच्या शब्दयादीत पहिली रीत होती. ज्येष्ठांचा ग्रंथ जुन्या छपाईच्या फॉन्टातून युनिकोडमध्ये रूपांतरित होऊन आला होता आणि त्यात सगळीकडे दुसरी होती. आमच्या मुलीने शब्द स्वतः टाइप केले होते, म्हणून तिला ते दिसणे शक्यच नव्हते. दुरुस्ती एका दिवसाची निघाली. तपासण्यापूर्वी सगळा मजकूर एका रीतीत आणायचा, एवढेच. पण ‘झाले’ कशाला म्हणायचे त्या व्याख्येत त्या दिवशी एक वाक्य वाढले : बाहेरून आलेल्या निदान दहा पानांवर चालवून पाहिल्यावाचून झाले म्हणायचे नाही. त्याचा परिणाम असा की पुढच्या प्रत्येक स्टोरीला थोडे अधिक काम लागले आणि वेग तेराच्या आसपास आला. जूनची पहिली रेघ तरीही पार झाली, कारण ती बाराच्या हिशेबाने मारलेली होती. दोन रेघांच्या मधले मात्र अर्ध्याहून अधिक राहून गेले.

१ जूनला साधन ज्येष्ठांच्या हाती गेले. चारशे पाने त्यांनी महिनाअखेर पुरी केली. समासांखाली लाल रेघा येत राहिल्या. आम्ही आधीच सांगून ठेवले होते, म्हणून त्यांनी तक्रार केली नाही.

पण वरच्या कागदाला हात लावल्यावाचून हे होणार नव्हते. रेघेखाली जे राहिले ते जूननंतर पुरे करायचे, तर सप्टेंबरचा रकाना मोकळा करणे भाग होते. दिवाळी अंकांची मुद्रिते ऑगस्टपासून सुरू होतात आणि मुद्रितशोधकांना खरी गरज तेव्हाच असते. मे महिन्यात एका संध्याकाळी संस्थापकांनी भिंतीवरचा कागद काढला. नव्या कागदावर महिने नव्हते. तीन रकाने : आता, पुढे, नंतर. ‘आता’मध्ये मुद्रितशोधक, ‘पुढे’मध्ये शिक्षक आणि कार्यालये. ‘विद्यार्थी’ हा शब्द ‘नंतर’मध्ये गेला. महिने काढून टाकल्यामुळे आमच्यासारख्या कुणाला पुन्हा ‘येईल’ म्हणण्याची सोय उरली नाही, हे बरे झाले. निर्णयही बरोबर होता. आम्हीच त्याच्या बाजूने बोललो.

त्या शब्दाच्या मागे आमचे चार विद्यार्थी होते. उदाहरणवाक्यांचे काम जूनअखेर थांबणार आणि जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचे मानधन येणार नाही, हे सांगणे आमच्या वाट्याला आले. संस्थापकांनी एक महिन्याचे जास्त देऊ केले. त्या वेळी त्यांच्या खात्यात काय होते ते आम्हांला ठाऊक होते, म्हणून अधिक मागवले नाही. तीन मुलांनी ऐकून घेतले. त्यांच्यातला एक तर म्हणाला, “सर, सेट-नेटचा अभ्यास आहेच.” चौथ्या मुलीने सप्टेंबरापर्यंतच्या पैशांवर वसतिगृहाची खोली ठरविली होती. तिच्या खोलीचे आम्ही पाहिले, ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

ती जाताना भिंतीजवळ थांबली. नवा कागद वाचला आणि विचारले, “मॅडम, हे ‘नंतर’ म्हणजे कधी?”

आमच्या ओठांवर ‘दिवाळीनंतर’ आले होते. तेवढ्यात आमच्या विद्यार्थ्याने टेबलावरून मान वर करून सांगितले की दिवाळी अंकांचे प्रकाशन झाले की नोव्हेंबराच्या शेवटी या कागदाचा पुन्हा विचार होणार आहे. त्या दिवशी ‘विद्यार्थी’ पुढे सरकेल की नाही ते ठरेल. ठरले तर यादी, आकडे आणि तारीख त्यानंतर पंधरा दिवसांनी. त्याआधी काही सांगता येणार नाही.

तिने वहीत नोव्हेंबरचा तो आठवडा लिहून घेतला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.